आठ आठवड्यांनंतरही केसाची बट तिथेच? जाहिरातीतले 'आधी-नंतर' फोटो आणि खालची बारीक ओळ

पानगळ

माझ्या धाकट्या बहिणीच्या गालांवर काळसर डाग आहेत. तिला हल्ली फोनवर एका क्रीमची जाहिरात सारखी दिसते. डावीकडे 'आधी', उजवीकडे '८ आठवड्यांनंतर'. बाई एकच. डावीकडे गालांवर आणि कपाळावर डाग, उजवीकडे चेहरा जवळजवळ स्वच्छ. ती क्रीम मागवायला निघालीय. मी तिला थांबवलंय, कारण मला त्या फोटोंत काहीतरी खटकतंय. पण नेमकं काय, ते बोट ठेवून सांगता येईना, आणि नुसत्या 'मला वाटतं'वर ती ऐकणारी नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. फोटोवर हात फिरवलाय हे आपल्यासारख्या माणसाला कसं ओळखता येईल? आणि फिरवला असेल, तर जाहिरातीत तसं लिहावं लागतं का? स्क्रीनशॉट जोडलाय. जाणकारांनी मदत करा.

तंत्रकुमार

एकदम सोपं आहे. फाइलमध्ये लपलेली माहिती वाचायची. `Software` च्या पुढे Adobe Photoshop दिसलं की विषय संपला. नाहीतर एरर लेव्हल अॅनालिसिस करणाऱ्या साइटवर फोटो चढवा. जिथे चकाकेल तिथे छेडछाड. मी तुमचा स्क्रीनशॉट टाकून पाहिला. ओठ, भुवया आणि 'आधी' ही अक्षरं चकाकताहेत. म्हणजे तिथे काम झालंय.

मोगरा७

माझ्याबाबतीत उलटं झालंय म्हणून लिहिते. कामाच्या ठिकाणी ओळखपत्रासाठी मी स्वतःचा फोटो काढून दिला, तर म्हणे एडिट केलेला चालणार नाही. मी काहीही केलं नव्हतं! शेवटी कळलं की माझ्या फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात 'चेहरा नितळ करा' हे मुळातच चालू असतं. मग माझा फोटो एडिटेड की नाही? लेबल लावायचं तर मी लावायचं की फोनवाल्याने?

जुनाब्रश

पानगळ, मी चौदा वर्षं मासिकं आणि जाहिरातींसाठी रिटचिंग केलंय. तुमचा स्क्रीनशॉट पाहिला, पण त्यावरून बोलणार नाही. कंपनीच्या साइटवर हेच चित्र मोठं मिळतंय का बघा. फोनवर आलेलं चित्र इतकं दाबलेलं असतं की कातडीचा पोत आधीच मेलेला असतो. तिथे सगळेच चेहरे रिटच केल्यासारखे दिसतात.

तंत्रकुमार, तुमचं निम्मं बरोबर आहे. फाइलमधली माहिती वाचावी, पण फोटोशॉपचं नाव दिसलं म्हणजे एवढंच कळतं की फाइल तिथून सेव्ह झाली. फोटो कापायला आणि छपाईचा आकार द्यायलाही आम्ही तेच उघडतो. आणि स्क्रीनशॉटमध्ये मूळ फाइलची माहिती येतच नाही. चकाकणारी साइट म्हणाल, तर ती चित्र पुन्हा एकदा दाबते आणि किती फरक पडला ते दाखवते. ठळक कडा आणि बारीक तपशील तिथे नेहमीच उजळ दिसतात. अक्षरं, भुवया, ओठांची कड हे एका ठिपक्यालाही हात न लावलेल्या फोटोतसुद्धा चकाकेल. स्वतःच्या कॅमेऱ्यातला ताजा फोटो टाकून बघा.

तंत्रकुमार

टाकला. चष्म्याची दांडी चकाकतेय. ठीक आहे, ते मागे घेतो. फाइलच्या माहितीचं मात्र मागे घेत नाही. निदान सुरुवात तिथून करायला हरकत नाही.

पानगळ

साइटवर मोठं चित्र मिळालं. दोन्ही चेहरे बऱ्यापैकी मोठे आहेत. लिंक देतेय. आणि एक गोष्ट आत्ता दिसली: अगदी तळाशी, फिकट राखाडी अक्षरांत 'चित्र प्रातिनिधिक' असं लिहिलंय. फोनवर ती रेघ वाटत होती.

जुनाब्रश

ती ओळ ध्यानात ठेवा, तिच्याकडे परत येऊ. आता चित्र. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आपली नजर लगेच गालावर जाते, कारण जाहिरातीला ती तिथेच हवी असते. म्हणून मी गाल सोडून बाकी सगळं आधी बघतो. उजव्या कानावरून एक सुटी बट खाली येते आणि टोकाला दोन फाटे फुटतात. 'आधी'मध्येही फुटतात आणि '८ आठवड्यांनंतर'मध्येही, त्याच जागी, त्याच कोनात. मग डोळे. बुबुळात दिव्याचं प्रतिबिंब पडतं, एक छोटा उजळ चौकोन. दोन्हीकडे तो बुबुळाच्या त्याच भागात, तितकाच तिरका आहे. माणूस तीच खुर्ची, तोच दिवा घेऊन पुन्हा बसला तरी पापणी केसभर वर-खाली होतेच. सुट्या बटेला तर शिस्त नावाची गोष्टच नसते.

म्हणजे हे दोन फोटो नाहीत. कॅमेऱ्याचं बटण एकदाच दाबलंय.

डोळ्यांवर विश्वास नसेल तर मोजून बघता येतं. दोन्ही चेहरे सारख्या मापात कापा, डोळ्यांचे कोपरे एकमेकांवर आणा, आणि एकाच फाइलमध्ये एकावर एक लेयर ठेवून वरच्या लेयरचा मोड `Difference` करा. जिथे दोन्ही चित्रं सारखी तिथे काळं, जिथे फरक तिथे उजेड. फोटोशॉप नसेल तर इमेजमॅजिक फुकट मिळतं, त्यात हे एका ओळीत होतं:

```
magick adhi.png nantar.png -compose difference -composite farak.png
```

मी केलं. पार्श्वभूमी, केस, कान, मान, खांदा जवळजवळ काळे ठिक्कर. थोडी बारीक कुजबुज आहे, ती चित्र दाबल्यामुळे येते, तिचा अर्थ लावू नका. कपाळ आणि दोन्ही गाल मात्र लख्ख. कड अशी, जणू कुणी मुखवटा कापून ठेवलाय. आठ आठवड्यांच्या अंतराने काढलेले दोन खरे फोटो असे एकमेकांवर ठेवले, तर डोक्याच्या कडेला, कपड्यांना, केसांना सगळीकडे उजळ रेघा आल्या असत्या.

उंटावरचा

वा! मग झालं की सिद्ध. डाग पुसून 'नंतर' बनवलं.

जुनाब्रश

थांबा, तिथेच पाय घसरतो. फरक कुठे आहे ते या रीतीने कळतं, कोणत्या बाजूला केला ते कळत नाही. माझा अंदाज उलटा आहे. 'नंतर' हा फोटो बराचसा खरा असावा आणि डाग 'आधी'मध्ये रंगवले असावेत.

कारण एक, चमक. दिव्याचा झोत कातडीच्या वरच्या थरावर, तेलावर पडतो आणि तसाच परत येतो, म्हणून गालाच्या उंचवट्यावर पांढुरकी चमक दिसते. डागाचा रंग असतो त्या थराच्या खाली. त्यामुळे खऱ्या काळ्या डागावरूनही चमक गेली तर ती पांढुरकीच राहते. तुमच्या बहिणीला खिडकीशी तिरकं बसवून बघा. डाग जेव्हा वरून गडद रंगाचा लेयर चढवून काढले जातात, तेव्हा तो लेयर कातडी आणि चमक दोन्हींना सारखाच काळवंडतो. 'आधी'च्या डाव्या गालावर चमकेचा पट्टा डागापाशी येतो आणि अचानक मळतो. कातडीत डाग असल्यासारखं नाही, फोटोच्या कागदावर डाग पडल्यासारखं दिसतं.

कारण दोन, केसांची मुळं. 'आधी'चा चेहरा एकूणच सावळा आणि निस्तेज केलाय, पण कानशिलावर सुट्या केसांच्या मधून जी कातडी दिसते ती 'नंतर'इतकीच उजळ आहे. ब्रश केसांच्या अलीकडे थांबलाय. एकेका केसाच्या मधून मास्क न्यायचा तर वेळ लागतो, आणि 'आधी'च्या फोटोवर कोण वेळ घालवतंय! मीही घालवला नसता.

'नंतर' पूर्ण स्वच्छ आहे असं मात्र म्हणत नाही. तिथेही डोळ्यांखाली हलका हात असेल. चित्र आधीच दाबलेलं असल्याने त्यापुढे जाता येत नाही. एकच शटर आहे हे मी पैजेवर सांगेन. डाग 'आधी'त घातले हा माझा भक्कम अंदाज आहे. बाकी कंपनीची मूळ फाइल पाहिल्याशिवाय नाही.

आणि मोगरा७, तुमचा प्रश्न गमतीत सोडून देण्यासारखा नाही. फोन आजकाल एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेतो, त्या मिसळतो, दाणे पुसतो, वरून चेहरा ओळखून नितळ करतो. म्हणून नुसता 'कातडी फार गुळगुळीत आहे' हा पुरावा मी कधीच धरत नाही. मोठ्या मऊ दिव्याने आणि जाड मेकअपनेही कातडी तशी दिसते. रुंद लेन्समध्ये कडेला उभ्या माणसाचा दंड ताणला जातो, त्यालाही लोक फोटोशॉप म्हणतात.

कोपरा

मी छोट्या व्यवसायांच्या जाहिराती करतो. चेहऱ्याचं समजलं, पण कंबर बारीक केली असेल तर? तिथे तर दुसरा फोटोच नसतो तुलनेला.

जुनाब्रश

कंबर बघू नका, कंबरेमागे बघा. शरीर आत ढकललं की मागची फरशीची रेघ, दाराची चौकट, पडद्याची चूणही सोबत आत ओढली जाते. दंड आणि कंबर यांच्यामधली फट हा नेमका भाग, कारण तिथे दोन्ही बाजूंनी ओढाताण होते. कापडावर चौकडी असेल तर फारच छान, चौकोन तिथेच आकसतात. सावली दुरुस्त करायला तर हटकून विसरतात. पण साध्या कोऱ्या पार्श्वभूमीवर, बिनचौकडीच्या कपड्यात कुणी सराईताने केलं असेल, तर मलाही कळणार नाही. अशी कामं मी केली आहेत आणि ती कुणी पकडली नाहीत, हे अभिमानाने सांगत नाहीये.

मथळेवाली

मी जाहिरातींची कॉपी लिहिते, तेव्हा पानगळच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. लेबल लावावं लागतं का, याचं उत्तर देशागणिक बदलतं, आणि ज्याने त्याने वेगळी गोष्ट डोळ्यांसमोर ठेवून नियम केलेत.

इस्रायलचा कायदा २०१३ पासून लागू आहे. तिथे मॉडेलला बारीक दाखवायला चित्र बदललं असेल तर सूचना हवी, आणि तिने जाहिरातीची निदान ७ टक्के जागा घ्यायला हवी. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून जाहिरातीतल्या मॉडेलचा बांधा बारीक किंवा जाड केला असेल तर 'फोटोग्राफी रतुशे', म्हणजे रिटच केलेला फोटो, असं लिहावं लागतं. नाही लिहिलं तर दंड ३७,५०० युरोपर्यंत, आणि तो जाहिरातीच्या खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंतही जाऊ शकतो. नॉर्वेने १ जुलै २०२२ पासून त्यात कातडीही घेतली. शरीराचा आकार, माप किंवा कातडी बदलली असेल तर सरकारने ठरवून दिलेलं एकसारखं चिन्ह चित्राच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात, साधारण ७ टक्के जागेत. पैसे घेऊन पोस्ट टाकणाऱ्यांनाही ते लागू आहे.

आता पानगळचं चित्र घ्या. त्यात फक्त कातडी बदललीय, बांधा नाही. फ्रान्सच्या या नियमात ते बसत नाही. नॉर्वेत तेच चित्र चिन्हाशिवाय छापता येणार नाही.

उंटावरचा

म्हणजे कंपनीने ती बारीक ओळ कोपऱ्यात मोठी करून लावली की मोकळी? डाग रंगवा, वर चिन्ह चिकटवा, विका क्रीम?

मथळेवाली

नाही! आणि बहुतेक लोक गोंधळतात ते इथेच. हे लेबल बघणाऱ्याने स्वतःच्या शरीराची तुलना खोट्या शरीराशी करू नये म्हणून आहे. जाहिरातीतला दावा खरा की खोटा, हे वेगळं खातं. घड्याळाच्या जाहिरातीतल्या माणसाची कातडी नितळ केली तर घड्याळाबद्दल काही खोटं सांगितलं जात नाही. क्रीमच्या जाहिरातीत तीच नितळ केली, तर ज्यासाठी पैसे मागताय नेमकं तेच ब्रशने काढलंत.

दोन जुनी प्रकरणं सांगते. जुलै २०११ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने, एएसएने, दोन फाउंडेशनच्या जाहिराती बंद केल्या. लँकोमच्या जाहिरातीत ज्युलिया रॉबर्ट्स होत्या, मेबलिनच्या जाहिरातीत क्रिस्टी टर्लिंग्टन. खासदार जो स्विन्सन यांनी तक्रार केली होती. दोन्ही ब्रँड लॉरेयालचे. रिटचिंग केलं हा गुन्हा ठरला नाही. दिसतोय तो परिणाम फाउंडेशनचा आहे, रिटचिंगने तो फुगवलेला नाही, हे कंपनीला दाखवता आलं नाही. ओझं जाहिरातदारावर होतं, बघणाऱ्यावर नाही.

दुसरं त्याच वर्षीचं, अमेरिकेतलं. कव्हरगर्लच्या मस्काराची जाहिरात, फोटो टेलर स्विफ्टचा. खाली बारीक अक्षरांत छापलं होतं की पापण्या नंतर सुधारल्या आहेत. म्हणजे लेबल होतं! जाहिरात उद्योगाच्या स्वनियमन संस्थेने, एनएडीने, चौकशी सुरू केली आणि कंपनीने जाहिरात मागे घेतली. संस्थेची भूमिका अशी की चित्रच दावा करत असेल तर तळटीप त्या चित्राला उलटं करू शकत नाही. 'चित्र प्रातिनिधिक' ही ओळ मला त्याच जातीची वाटते. वर '८ आठवड्यांनंतर' लिहायचं आणि खाली हळूच प्रातिनिधिक म्हणायचं, हे एकाच तोंडाने होय आणि नाही म्हणणं झालं.

कोपरा

मग माझी पंचाईत. गेल्याच महिन्यात एका गिऱ्हाईकाने साबणाच्या जाहिरातीत मॉडेलच्या हनुवटीवरची पुटकुळी काढायला लावली. मी काढली. ती फसवणूक होते का? साबण 'ताजंतवानं वाटेल' म्हणतोय, पुटकुळ्यांबद्दल काही म्हणत नाही.

मथळेवाली

तुमच्या दाव्याशी पुटकुळीचा संबंध नाही, म्हणून मला चालेल. पण साबण 'नितळ त्वचा' म्हणत असेल तर मी तो फोटो बदलायला सांगेन.

जुनाब्रश

मला नाही चालणार. साबण कातडीलाच लागतो. तोंडाने काही म्हणो न म्हणो, चित्र म्हणतंच की. मी असतो तर पुटकुळी बरी होईपर्यंत थांबून फोटो काढला असता.

कोपरा

गिऱ्हाईक थांबतंय होय!

मथळेवाली

जुनाब्रश, यावर आपलं जमायचं नाही. पण कोपरा, मूळ फाइल आणि काय काय बदललं त्याची नोंद जपून ठेवा. कुणी विचारलं तर तीच कामाला येईल. ब्रिटनमध्ये लँकोमच्या वेळी मूळ, न सुधारलेले फोटो नियामकाला पाहायलाच मिळाले नव्हते, करारामुळे. त्यामुळे बाजू मांडायची कशावर, हाच प्रश्न झाला.

मोगरा७

लेबल लावल्याने बघणाऱ्याला खरंच बरं वाटतं का? मला 'कंबर बारीक केली आहे' असं वाचलं तर मी आधी कंबरच बघेन.

मथळेवाली

तुम्ही संशोधकांच्या वाटेवर आहात. ऑस्ट्रेलियातल्या मारिका टिगेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरेच प्रयोग केलेत. लेबल वाचल्याने स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी कमी होईल ही अपेक्षा बहुतेक वेळा फळली नाही. कोणता अवयव बदललाय हे नेमकं लिहिलं की नजर तिथेच जास्त जाते, हेही त्यांना दिसलं. तरीही मी लेबलच्या विरोधात नाही. लावावं लागणार म्हटलं की काही जाहिरातदार बदलच करत नाहीत. तो फायदा वाचकाच्या मनात मोजला तर दिसणार नाही.

तंत्रकुमार

हो-नाही असं लेबल लावण्याऐवजी किती बदललं त्याचे गुण द्यावेत. २०११ मध्ये एरिक की आणि हनी फरीद या दोन संशोधकांनी तसं करून दाखवलं होतं. ४६८ फोटोंच्या आधी-नंतरच्या जोड्या, आणि १ ते ५ अशी पायरी. मग साबणवाल्या पुटकुळीला १ आणि पानगळच्या चित्राला ४-५. भांडण मिटलं.

जुनाब्रश

कल्पना मलाही आवडते. पण त्यांची मोजणी मूळ आणि बदललेला असे दोन्ही फोटो शेजारी ठेवून होते. मूळ फोटो द्यायचा कुणी? आणि दुसरं, पानगळच्या जाहिरातीत 'नंतर'ला मोजलं तर गुण येईल १, कारण तो जवळपास खरा आहे! लबाडी शेजारच्या फोटोत आहे. 'खराब' दाखवायला केलेल्या रिटचिंगचा विचार करताना कुणी दिसत नाही.

मथळेवाली

हे मात्र माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

पानगळ

सगळ्यांचे आभार. बहिणीला कानावरची बट दाखवली. ती दोन मिनिटं काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "डोळ्यातला चौकोन पण तोच आहे गं." क्रीम मागवणं रद्द. आता ती त्वचेच्या डॉक्टरकडे जातेय.

मी कंपनीला लिहिलं होतं. 'हे दोन्ही फोटो कोणत्या तारखांना काढले, आणि मूळ फाइल दाखवाल का', एवढंच विचारलं. उत्तर आलं की तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

पानगळ

दहा दिवसांनी परत आले. जाहिरात बदललीय! 'चित्र प्रातिनिधिक' ही ओळ आता काळ्या अक्षरांत, चांगली वाचता येईल एवढी केलीय. '८ आठवड्यांनंतर' पण आहे तसंच आहे.

जुनाब्रश

आणि बट?

पानगळ

दोन्हीकडे आहे. दोन फाट्यांसकट.